कथा लिहायला शिकणाऱ्या सहा जणांच्या नव्या गटास

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

तुम्ही सहा जण नुकतेच कथा लिहायला लागला आहात आणि एकमेकांच्या कथा वाचून त्यांवर बोलण्यासाठी ऑनलाइन गट सुरू करताय, हे कळलं आणि फार बरं वाटलं. पुण्यातले दोघे, नाशिक, धुळे आणि कुडाळचे एकेक, शिवाय न्यू जर्सीतली एक. असे गट हल्ली बरेच निघतात आणि त्यांतले बरेचसे दोन-तीन महिन्यांत विझतात. ते का विझतात आणि काय केलं तर टिकतात, हे जवळून पाहत आले आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि उघडं अशासाठी की तुमच्यासारख्या इतरांच्याही ते हाती पडावं.

गट विझण्याची सुरुवात बहुतेक वेळा कौतुकानं होते. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर दीड हजार शब्दांची कथा टाकतं आणि दोन मिनिटांत खाली 'अप्रतिम', 'काळजाला भिडली', फुलांचा गुच्छ, जोडलेले हात असं सगळं जमा होतं. दीड हजार शब्द मोठ्यानं वाचायला बारा-तेरा मिनिटं लागतात. म्हणजे दोन मिनिटांत आलेला अभिप्राय कथेला दिलेला नसतो, तो माणसाला दिलेला असतो. असं महिनाभर चालतं. मग एक दिवस कुणी स्पष्टवक्ता उठतो आणि सगळ्यांसमोर लिहितो, 'खरं सांगू का, कथा जमलेली नाही.' लिहिणारी गप्प होते, बाकीचे सावध होतात आणि पुढे गटावर सुप्रभाताचे संदेश फिरू लागतात. 'अप्रतिम' आणि 'जमलेली नाही' ही वरवर दोन टोकं वाटली तरी दोन्ही निकालच आहेत. निकाल कानावर पडला की उद्या सकाळी कागदावर नेमकं काय बदलायचं, ते शिकणाऱ्याला कळत नाही.

त्यामुळे गटाचा सूर सौम्य राहावा असं वाटत असेल, तर 'सगळ्यांनी प्रेमानं बोलूया' एवढं ठरवून भागत नाही. कोण, कधी, कशाबद्दल बोलेल याचा क्रम बांधावा लागतो. नेमून दिलेल्या क्रमात तापट माणूसही नेमकं बोलायला शिकतो आणि भिडस्त माणसालाही बोलावंच लागतं.

हा क्रम शून्यातून शोधायची गरज नाही. अमेरिकेत मिलफर्ड या गावी १९५६ साली विज्ञानकथा लिहिणारे काही लेखक जमले आणि पुढे दरवर्षी जमत राहिले. त्यांची रीत १९६८ पासून क्लॅरियनच्या कार्यशाळेत नवोदितांसाठी वापरली जाऊ लागली. सगळे गोल करून बसतात, प्रत्येक जण ठरलेली मिनिटं बोलतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही, आणि सगळ्यांचं होईपर्यंत लेखक गप्प राहतो. पीटर एल्बो यांनी १९७३ च्या पुस्तकात शिक्षकाविना चालणाऱ्या वर्गाची कल्पना मांडली. त्यात वाचकानं मत द्यायचं नसतं. वाचताना आपल्या मनात ओळीमागून ओळ काय घडत गेलं तेवढंच सांगायचं असतं. लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० च्या सुमारास चार पायऱ्यांची पद्धत बसवली. ती नाचासाठी होती, पण लेखनालाही चपखल बसते. तुमच्यासाठी मी या तिन्हींतून थोडं थोडं घेते.

एका कथेला चाळीस मिनिटं द्या. झूमची फुकट बैठक सध्या चाळीस मिनिटांनी आपोआप तुटते, म्हणजे घड्याळ राखायचं कामही परस्पर होतं. सुरुवातीला लेखिकेनं कथेचा पहिला परिच्छेद स्वतःच्या आवाजात वाचावा. मग पहिली फेरी: पाच वाचक, प्रत्येकाला दोन मिनिटं. या फेरीत फक्त सांगायचं. काय डोळ्यांसमोर राहिलं, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, कुठे लक्ष उडालं. का उडालं ते सांगायचं नाही, फक्त ओळ दाखवायची. दुसऱ्या फेरीत लेखिका विचारते. कथेसोबत तिनं आपले दोन प्रश्न आधीच लिहून पाठवलेले असतात, वाचक त्यांचीच उत्तरं देतात. तिसऱ्या फेरीत वाचक विचारतात. चौथ्या फेरीत मतं येतात, पण परवानगी घेऊन: 'शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?' लेखिका 'आज नको' म्हणू शकते, आणि मग ते मत तिथेच थांबतं. शेवटची दोन मिनिटं तिची.

तिसरी फेरी सगळ्यांत अवघड जाते, कारण आपण मताला प्रश्नचिन्ह लावतो आणि त्याला प्रश्न म्हणतो. 'शेवट इतका घाईघाईत का उरकलाय?' यात प्रश्न नाहीच, ठपका आहे. ऐकणारीनं बचावाला उभं राहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्याऐवजी 'शेवटी पत्र वाचल्यावर ती काय करते, हे तुमच्या मनात आहे का?' असं विचारलं की तिला आपल्याच कथेत डोकावून पाहावं लागतं. चाचणी सोपी आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला खरंच ठाऊक नाही, तोच या फेरीत चालतो.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते दाखवते. एका गटात आलेली ही कथा आहे. लेखिकेची परवानगी घेतली आहे आणि पात्राचं नाव बदललं आहे. वडील गेल्यावर वर्षभरानं घरातली त्यांची जुनी स्कूटर भंगारात जाते, एवढंच कथानक. पहिल्या खर्ड्यातला परिच्छेद असा होता:

'त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सुहासच्या मनातही आठवणींचं काहूर माजलं होतं. बाबांची लाडकी स्कूटर अंगणात केविलवाणी उभी होती. भंगारवाला म्हणाला, "अडीच हजार देतो." सुहासच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईनं डिकी उघडली, आतलं पुसायचं फडकं काढून घेतलं आणि ती घरात गेली.'

पहिल्या फेरीत पाचांपैकी चौघांनी फडक्याचा उल्लेख केला. आभाळाबद्दल कुणीच बोललं नाही. एकानं सांगितलं, 'सुहास मला दहा-बारा वर्षांचा वाटला, पुढे त्याच्या नोकरीचं आलं तेव्हा मागे जाऊन पुन्हा वाचलं.' दोघांचं लक्ष तिसऱ्या पानावर, मुलगा स्कूटरच्या आठवणी काढत बसतो तिथे उडालं होतं. लेखिकेचा प्रश्न होता: सुहासचं दुःख पोचतं का? उत्तरं जवळपास सारखी आली, की दुःख पोचतं, पण ते आईचं. इथे कुणीही 'काहूर हा गुळगुळीत शब्द आहे' असं म्हटलं नाही, आणि ते म्हणायची वेळही आली नाही.

मग तिसऱ्या फेरीत एका वाचकानं साधा प्रश्न केला: स्कूटर विकायचं कोणी ठरवलं? लेखिका क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'आईनं.' हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण कथेत कुठेच नव्हतं. तिसऱ्या पानावरच्या कंटाळ्याचं कारण तिसऱ्या पानावर नव्हतंच, ते पहिल्या परिच्छेदात होतं. निर्णय कुणाचा ते न कळल्यामुळे मुलाच्या आठवणींना काही धरायला मिळत नव्हतं. म्हणूनच पहिल्या फेरीत जागा दाखवा, कारण सांगू नका, असं मी म्हणते. वाचकाला जिथे अडखळायला होतं ती जागा तो बिनचूक दाखवतो, पण कारण सांगताना बहुतेक वेळा चुकतो. त्या दोघांना विचारलं असतं तर त्यांनी 'आठवणी कमी करा' असं सुचवलं असतं, आणि लेखिकेनं चांगल्या आठवणी कापून टाकल्या असत्या.

दुसरा खर्डा महिन्याभरानं आला. तोच परिच्छेद आता असा होता:

'भंगारवाल्यानं स्कूटर आडवी करून खालून पाहिली. "अडीच हजार." सुहास तीन म्हणणार होता. आईनं डिकी उघडली, पुसायचं फडकं काढून घेतलं आणि म्हणाली, "घेऊन जा." मग तिनं फडकं झटकून दोरीवर टाकलं.'

आभाळ गेलं, काहूर गेलं, पाणी गेलं. यातलं काहीही कुणी काढायला सांगितलं नव्हतं. काय राहिलं ते ऐकल्यावर काय काढायचं ते तिनं ठरवलं.

आता या फेऱ्यांच्या भोवतीची व्यवस्था. दर पंधरा दिवसांनी एक बैठक, एका बैठकीत दोन कथा, मध्ये दहा मिनिटं चहाला. सहा जणांचं एक आवर्तन तीन बैठकांत, म्हणजे सहा आठवड्यांत पुरं होतं. लगेच दुसरं आवर्तन त्याच कथांच्या सुधारलेल्या खर्ड्यांचं करा. हे फार महत्त्वाचं आहे. नवी कथा आणायची मुभा असली की माणूस जुनी सोडून देतो आणि ऐकलेलं कधी वापरून पाहत नाही. न्यू जर्सीच्या मैत्रिणीसाठी शनिवारी रात्री साडेआठची वेळ ठेवा. तिच्याकडे तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतील, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की दहा.

कथा बैठकीच्या सात दिवस आधी यायला हवी, दीड हजार शब्दांच्या आत, युनिकोडमध्ये. युनिकोडचा आग्रह क्षुल्लक वाटेल, पण जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात आणि त्यातच तीन दिवस जातात. पानांवर मोजू नका, शब्दांवर मोजा. आणि एका सामाईक गूगल डॉक्समध्ये सगळ्यांनी टिपा लिहू नका. पहिल्यानं 'सुरुवात संथ आहे' लिहिलं की पुढच्या चौघांनाही सुरुवात संथ वाटू लागते. प्रत्येकानं आपली प्रत करून घ्यावी, त्यात टिपा लिहाव्यात आणि आदल्या रात्रीपर्यंत त्या त्या बैठकीच्या संयोजकाकडे पाठवाव्यात. बैठक संपल्यावर पाचही प्रती एकदम लेखिकेला मिळाव्यात. मग कुठल्या ओळीवर दोघांनी किंवा तिघांनी स्वतंत्रपणे खूण केलीय ते तिला दिसतं. तिथे ती थांबेल. एकट्या वाचकाची खूण मानायची की सोडायची, हा तिचा अधिकार. कथा किंवा तिच्यावरचं बोलणं गटाबाहेर जाणार नाही, हेही पहिल्याच दिवशी लेखी ठरवा.

बोलण्याच्या क्रमाबद्दल आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे. तुमच्यातले एक काका निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. ते आधी बोलले की बाकीच्यांचं बोलणं 'सर म्हणाले तसंच' इथे संपेल. म्हणून सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत नवखी व्यक्ती आधी बोलेल आणि ज्याचं काही छापून आलंय तो शेवटी, असा क्रम ठेवा. त्यांच्या कथेवर बोलतानाही हाच प्रश्न येतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला 'काका, तुमची सुरुवात लांबली' असं म्हणवत नाही, आणि म्हणवू नये असंही मला वाटतं. तिला 'कथेत दुसऱ्या परिच्छेदापर्यंत मी वाट पाहत होते' असं म्हणता येतं. कर्ता कथा असावी किंवा बोलणारी स्वतः असावी. 'तुम्ही' हा शब्द पहिल्या फेरीतून काढून टाकला की वयाची भीड बरीच कमी होते. काका काकाच राहतात, आणि कथेवर मोकळेपणानं बोलताही येतं.

दुसरी अडचण बोलीची. धुळ्याचा मित्र अहिराणीत संवाद लिहील, कुडाळची मैत्रीण मालवणीत. पुण्यातल्या वाचकांचा हात अशा ठिकाणी लाल पेनाकडे जातो. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या बैठकीत आणूच नका, त्या प्रतीत लिहा, आणि बोलीतल्या ओळीला हात लावू नका. एखादा शब्द कळला नाही तर तो पहिल्या फेरीत 'इथे मी अडले' म्हणून सांगा, बस्स. तो शब्द वाचकासाठी उलगडायचा की तसाच ठेवायचा हे लेखक ठरवेल. याच कारणानं मी मिलफर्डचा मौनाचा नियम जसाच्या तसा घेत नाही. लेखकानं शेवटपर्यंत गप्प राहायचं ही रीत लेखक आणि वाचक एकाच जगातले असतात तेव्हा ठीक चालते. मॅथ्यू सॅलेसेस आणि फेलिशिया रोज चावेझ या दोघांनी २०२१ साली आलेल्या आपापल्या पुस्तकांत यावर कडक आक्षेप घेतला, आणि तो मला पटतो. कानबाई म्हणजे कोण हे ठाऊक नसलेले चार वाचक दहा मिनिटं चुकीचे तर्क लढवत असतील आणि खानदेशी लेखकाला तोंड उघडायची बंदी असेल, तर ती दहा मिनिटं वाया जातात आणि तो उगाच दुखावतो. पहिल्या फेरीतही संयोजकानं त्याला एका वाक्याची माहिती द्यायची मुभा द्यावी. एकच वाक्य, आणि माहिती. 'मला असं म्हणायचं होतं की' इथून सुरू होणारं वाक्य मात्र थांबवावं, कारण जे म्हणायचं होतं ते कथेत आहे की नाही, तेच तर आपण पाहतोय.

गट बिघडू लागला की भांडण होण्याआधी काही खुणा दिसतात. पहिल्या फेरीतल्या बोलण्यात ओळींचा उल्लेख येईनासा होतो आणि 'वातावरणनिर्मिती छान' अशी वाक्यं ऐकू येतात. याचा अर्थ कथा बैठकीच्या आधी तासभर उरला असताना वाचली गेली. दुसऱ्या आवर्तनात खर्डा येतो पण फक्त ऱ्हस्व-दीर्घ बदललेले असतात. याचा अर्थ लेखिकेला काय हाती लागलं ते कळलेलं नाही किंवा ती दुखावली आहे. तिला एकटीला फोन करून विचारावं, गटावर विचारू नये. तिसरी खूण कळायला वेळ लागते: कुणीतरी मदत म्हणून दुसऱ्याचे परिच्छेदच्या परिच्छेद नव्यानं लिहून देऊ लागतं. हेतू निर्मळ असतो, पण चार महिन्यांत सगळ्यांच्या कथा एकाच हाताच्या वाटायला लागतात. सुचवायचं असेल तर चौथ्या फेरीत, परवानगीनं, जास्तीत जास्त एक वाक्य.

संयोजक दर बैठकीला बदला. त्याचं काम फार थोडं आहे: घड्याळ पाहणं, फेरी कुठली चालू आहे याची आठवण देणं, आणि निकाल द्यायला लागलेल्याला 'कुठल्या ओळीपाशी असं वाटलं?' एवढंच विचारणं. हा एक प्रश्न पाठ असला की टोकायची वेळ क्वचित येते. 'कथा अगदीच पसरट आहे' म्हणणारा माणूस ओळ शोधायला लागतो, ती सापडते, आणि आवाज आपोआप खाली येतो. ज्या बैठकीत संयोजकाची स्वतःची कथा असेल, तिथे मात्र हे काम दुसऱ्याकडे द्या.

एवढं करूनही या रीतीला न जमणाऱ्या गोष्टी आहेत. अर्धवट खर्डा, ज्याचा शेवट लिहिणाऱ्यालाच माहीत नाही, तो इथे आणू नका. पाच जणांचे पाच शेवट कानात घुमायला लागले की स्वतःचा सापडत नाही. आणि ताज्या दुःखातून लिहिलेलं, पंधरा दिवसांपूर्वी घडलेलं, असं काही असेल तर गटानं ते ऐकावं, त्यावर फेऱ्या चालवू नयेत. अशा मजकुराला 'कुठे लक्ष उडालं' विचारणं कुणालाच शक्य होत नाही, आणि विचारलं तर ते वाईट दिसतं.

पहिल्या बैठकीत स्वतःची कथा कुणीच आणू नका. एखाद्या जुन्या दिवाळी अंकातली, तुमच्यापैकी कुणाच्याही ओळखीत नसलेल्या लेखकाची छोटी कथा निवडा आणि तिच्यावर चारही फेऱ्या पूर्ण वेळ लावून करून पाहा. लेखकाच्या जागी एकानं बसावं आणि त्याच्या वतीनं दोन प्रश्न विचारावेत. पहिली फेरी चालू असताना मत तोंडातून निसटेल, हमखास निसटेल, पण तिथे दुखावणारं कुणी नसल्यानं सगळ्यांना हसून पुन्हा ओळीकडे येता येईल. बैठक झाल्यावर प्रत्येकाला विचारा, असं बोलणं तुम्हाला मानवतं का. दोघं नको म्हणाले तर त्यांना मोकळ्या मनानं जाऊ द्या. चौघांतही हे छान चालतं, फक्त आवर्तन तीनऐवजी दोन बैठकांचं होईल. दोन आवर्तनं झाली की गट संपला असं समजा आणि पुढे जायचं का ते नव्यानं विचारा. ज्याला थांबायचं असेल त्याला कारण द्यावं लागू नये.

तुमची,
कथांच्या गटांत बसून वाचत आलेली एक वाचक